वाढीव काम कोणी सांगितलं

हॉस्पिटलच्या देखभाल विभागातल्या हेडक्लार्कला सगळे 'उपरोक्त' म्हणत. मागे म्हणत, आणि हळूहळू तोंडावरही म्हणू लागले. त्यांना त्याचा राग नव्हता, उलट थोडा अभिमानच होता. नवीन लागलेली एक नर्स तर वर्षभर त्यांना 'उपरोक्त सर' म्हणत होती, कारण ते त्यांचं आडनाव आहे असं तिला कोणीतरी प्रामाणिक चेहऱ्याने सांगितलं होतं.

नाव पडायला कारण होतं. या गृहस्थांनी उभ्या नोकरीत जेवढ्या टिपण्या लिहिल्या तेवढी औषधं त्या हॉस्पिटलात खपली नसतील. नळ गळतोय, भिंत फुगलीय, जनरेटर धूर टाकतोय, काहीही असो, वर पैसे मागायचे तर टिपणी लागे, आणि टिपणी म्हटलं की उपरोक्त. इंजिनिअर साहेबांना लिहिता येत नव्हतं असं नाही, पण त्यांनी लिहिलेलं वाचणाऱ्याला कळायचं, आणि तीच पंचाईत व्हायची. उपरोक्तांची टिपणी वाचून कोणाला काही कळलं, असं कधी झालं नाही. काम झालेलं असायचं, खर्च झालेला असायचा, चूकसुद्धा झालेली असायची, पण हे सगळं करणारा माणूस मात्र त्या कागदावर औषधालाही सापडत नसे. एकदा तळघरातली पाण्याची टाकी बांधायची ती चुकून रक्तपेढीच्या दारासमोर बांधली गेली. त्यावर उपरोक्तांनी अशी टिपणी लिहिली, की ती टाकी आपणहून चालत तिथे आली असावी असं वाटे. त्या टिपणीनंतर इंजिनिअर साहेबांना बढती मिळाली.

घरीही सवय सुटत नसे. कपबशी फुटली की ते "कपबशी फुटल्याचं दिसतंय" एवढंच म्हणत. बायको विचारी, "दिसतंय म्हणजे? फोडली कोणी?" मग ते वर्तमानपत्र उघडत. बाई तोंडाची फटकळ, पण नवऱ्यावर जीव. रोज संध्याकाळी भाजी निवडता निवडता ती त्यांची टिपणी ऐकून घ्यायची. बाहेर त्यांच्या कलेला दाद देणारं कोणी नव्हतं, तेव्हा तेवढं तरी आपण करावं, असा तिचा सरळ हिशोब.

आता त्या लिफ्टचं सांगतो.

हॉस्पिटलात स्ट्रेचर जाईल अशी लिफ्ट एकच. खाली अपघात विभाग, वर तिसऱ्या मजल्यावर ऑपरेशन थिएटर, आणि मधे ही म्हातारी लिफ्ट, दमेकऱ्यासारखी कुंथत चढणारी. तिचे दोर आणि मोटर बदलायला त्या वर्षीच्या बजेटमध्ये सहा लाख मंजूर झाले होते. दरपत्रकं मागवली, सगळ्यात कमी दर एका लिफ्ट मिस्त्रीचा निघाला, त्याला कामाचा लेखी आदेश गेला. मिस्त्री म्हणजे फार मोठी कंपनी वगैरे नव्हे. तो, त्याच्या हाताखालचे दोघे आणि एक खटारा व्हॅन. पण काम जाणणारा. हॉस्पिटलचं काम आहे, पैसे कुठे जातात, म्हणून त्याने आगाऊ रक्कमही मागितली नाही. तिथेच तो फसला, असं नंतर सगळे हसत हसत म्हणाले. यात हसण्यासारखं काय होतं ते मला अजून कळलेलं नाही.

जुने दोर उतरवले आणि मिस्त्री आत शिरला, तो तोंड काळवंडून बाहेर आला. ज्या लोखंडी पट्ट्यांना धरून लिफ्ट वरखाली सरकते त्यांचे भिंतीतले आधार गंजून पापडासारखे झाले होते. एक नट त्याने नुसता बोटांनी काढून आणला. शिवाय वरचं कंट्रोल पॅनेल आतून जळालेलं. नव्या दोरांवर जुनी लिफ्ट लटकवून देता आली असती, बिलही सहा लाखांत बसलं असतं, आणि एखाद्या दिवशी पेशंटसकट सगळं खाली आलं असतं. त्याने पाना खाली ठेवला आणि विचारलं, पुढचं काम करू की थांबू?

विचारलं कोणाला, तर उपरोक्तांना. कारण इंजिनिअर साहेब त्या आठवड्यात कुठल्याशा हॉटेलात वेळेच्या नियोजनाचं प्रशिक्षण घ्यायला गेले होते आणि फोन बंद ठेवणं हा त्या प्रशिक्षणाचाच भाग होता. उपरोक्तांनी मग थेट प्रशासकांना फोन लावला. प्रशासक म्हणजे हॉस्पिटलचे सर्वेसर्वा, कमी बोलण्याबद्दल प्रसिद्ध. ते म्हणाले, "काम थांबता कामा नये. बाकीचं तुम्ही बघून घ्या." आणि फोन ठेवला. या दोन वाक्यांत त्यांच्या सगळ्या कारकिर्दीचं मर्म होतं. पहिल्यात श्रेय घ्यायची सोय, दुसऱ्यात अंग काढून घ्यायची.

नियम उपरोक्तांना तोंडपाठ होता. मंजूर रकमेच्या वर शेकडा दहापर्यंत खर्च गेला तर इंजिनिअर साहेबांची सही चालते. त्यापुढे गेला तर वित्तप्रमुखांची मंजुरी, आणि तीही कामाच्या आधी. म्हणजे काम थांबवायचं, वाढीव खर्चाचा अंदाज मागवायचा, टिपणी लिहायची आणि ती वरून उतरेपर्यंत वाट बघायची. त्या इमारतीत टिपणी वर जायला आणि खाली यायला लागणारा वेळ लक्षात घेता, मधल्या काळात एखादं मूल जन्मून चालायला लागलं असतं.

उपरोक्त नियम आठवत उभे होते तेवढ्यात जिन्यावरून चार वॉर्डबॉय एका म्हातारीला चादरीत घालून वर नेताना दिसले. कंबरेचं हाड मोडलेलं. प्रत्येक पायरीला ती कण्हत होती, आणि दोन कण्हण्यांच्या मधे पोरांना म्हणत होती, "तुम्हाला फार त्रास होतोय ना रे बाळांनो." उपरोक्तांनी ते ऐकलं आणि मिस्त्रीकडे वळून म्हणाले, "करा."

आयुष्यात एवढं लहान वाक्य त्यांनी कधी उच्चारलं नव्हतं.

लिफ्ट सुरू झाली, आणि झकास सुरू झाली. प्रशासकांनी तिच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. मग बिल आलं, आठ लाख चाळीस हजारांचं. मंजुरी सहा लाखांची. वरचे दोन लाख चाळीस हजार म्हणजे शेकडा चाळीस. ज्यांनी ज्यांनी ते बिल हातात घेतलं त्यांनी त्यांनी ते तत्परतेने खाली ठेवलं. इंजिनिअर साहेब काम पूर्ण झाल्याचा दाखला देईनात, कारण दाखला दिला की वाढीव कामही आपल्याला कबूल होतं असा त्याचा अर्थ निघेल. दाखला नाही म्हणून हिशेब खात्यात बिल नोंदवून घेईनात. सगळ्यांचं एकच म्हणणं, आधी वाढीव खर्चाला मंजुरी आणा.

म्हणजे टिपणी. उपरोक्तांनी बाह्या सरसावल्या.

पहिली टिपणी त्यांनी एका दुपारी लिहिली. 'सदर काम हाती घेतले असता काही अनपेक्षित बाबी निदर्शनास आल्या. रुग्णहित लक्षात घेता उपरोक्त बाबींची पूर्तता करून घेण्यात आली. तरी अंदाजपत्रकापेक्षा जास्त झालेल्या रुपये दोन लाख चाळीस हजार इतक्या खर्चास कार्योत्तर मंजुरी मिळावी, ही विनंती.' इंजिनिअर साहेबांनी खाली 'सादर' असं लिहून सही केली. प्रशासकांनी 'सादर' या शब्दाखाली 'सादर' लिहिलं. काम योग्य होतं की अयोग्य, पैसे द्यावेत की देऊ नयेत, याबद्दल दोघांपैकी कोणालाही काही वाटत असल्याचा पुरावा त्या कागदावर नव्हता.

पण वित्तप्रमुखांच्या खुर्चीत माणूस बदलला होता. आधीचे गृहस्थ टिपणीची जाडी बघून सही करत. या नवीन बाई, आधी एका कारखान्यात हिशेब बघायच्या, आणि त्यांना वाचायची खोड होती. टिपणी परत आली. समासात चार प्रश्न होते. वाढीव कामाचे दर कशावरून बरोबर? प्रत्यक्ष काम मोजलं कोणी? जास्तीचे पैसे कुठल्या तरतुदीतून द्यायचे? आणि चौथा, 'वाढीव काम कोणी सांगितले?'

पहिल्या तिन्ही प्रश्नांना उपरोक्तांनी चोख उत्तरं दिली. दर पडताळायला सरकारी लिफ्ट निरीक्षकाचा अहवाल जोडला, मोजमापाचा तक्ता जोडला. रंगकामासाठी ठेवलेले पैसे उरले होते, ते या कामाकडे वळवता येतील असं दाखवून दिलं. चौथ्या प्रश्नावर त्यांनी लिहिलं, 'स्थळावर उपस्थित असलेल्यांनी परिस्थितीचा विचार करून.' टिपणी परत. 'उपस्थित कोण?' त्यांनी लिहिलं, 'विभागातील जबाबदार व्यक्ती.' टिपणी परत. 'नाव काय?' एवढा उद्धट प्रश्न त्या इमारतीत आजवर कोणी विचारला नव्हता. इंजिनिअर साहेब म्हणाले, बाईंना टिपणी कळतच नाही. प्रशासक म्हणाले, शिकतील हळूहळू.

या सगळ्यात महिन्यामागून महिने गेले. मिस्त्री दर सोमवारी येई आणि खिडकीजवळच्या बाकावर बसे. पहिल्यांदा चहा घ्यायचा, मग नको म्हणू लागला. दोरवाल्याने त्याची उधारी बंद केली होती. हाताखालच्या दोघांपैकी एक जण पगाराची वाट बघून दुसरीकडे गेला. एक दिवस व्हॅनऐवजी तो पायी आला, आणि उपरोक्तांनी विचारायच्या आधीच म्हणाला की विकली. आवाज चढवत नसे. उपरोक्त त्याला सांगत, फाईल फिरतेय. आणि हे खरंच होतं. फाईल गरगर फिरत होती.

उपरोक्तांना या बाकाचं भय वाटू लागलं होतं.  सोमवारी सकाळी बायकोला ते म्हणत, पोट बिघडल्यासारखं वाटतंय. ती ओवा द्यायची, पण ओव्याने जाणारं दुखणं नव्हतं ते. निवृत्तीला एक वर्ष उरलेलं. आपलं नाव लिहिलं तर चौकशी लागणार, चौकशी लागली की निवृत्तीचे पैसे अडकणार, कदाचित ते दोन लाख चाळीस हजार आपल्याच पैशातून कापून घेणार. घराच्या कर्जाचे शेवटचे हप्ते त्या पैशांतूनच जायचे होते. हे त्यांनी इतक्या वेळा मनात मोजलं होतं की नुसतं डोळे मिटले तरी आकडे दिसत.

शेवटी प्रशासकांनी त्यांना आणि इंजिनिअर साहेबांना बोलावून घेतलं. दार लावलं. प्रशासक म्हणाले, बाई हटून बसल्या आहेत, उत्तर तर द्यायलाच हवं. आणि मग एखादं औषध सुचवावं तसं त्यांनी सुचवलं, की मिस्त्रीने काम परस्पर केलं असं लिहा. आदेश सहा लाखांचा होता, वरचं त्याने कोणाला न विचारता उरकलं. म्हणजे सांगितलं कोणी हा प्रश्नच उरत नाही. सहा लाख त्याला देऊन टाकू, वरचे नामंजूर. इंजिनिअर साहेबांना ही कल्पना इतकी पटली की त्यांनी मान हलवायला सुरुवात केली ती थांबेचना. "नाहीतरी हे लोक असंच करतात," ते म्हणाले.

उपरोक्त म्हणाले, "साहेब, त्याने विचारलं होतं."

"कोणाला?" प्रशासकांनी अगदी सहज विचारलं.

खोलीत तिघेच होते. प्रशासकांनाही ठाऊक होतं, इंजिनिअर साहेबांनाही ठाऊक होतं, आणि उपरोक्तांना तर होतंच.  प्रशासक म्हणाले, उद्यापर्यंत मसुदा करा, तुमच्याइतकं छान कोणाला जमणार नाही.

आणि छानच जमला. खोटं एकही वाक्य त्यात नव्हतं. 'कामाच्या लेखी आदेशात समाविष्ट नसलेली कामे ठेकेदाराने पूर्ण केल्याचे आढळते. याबाबत कोणतीही लेखी सूचना अभिलेखात उपलब्ध नाही.' दोन्ही गोष्टी खऱ्या. वाचणाऱ्याच्या मनात मिस्त्री लबाड ठरतो, ते ज्याचं त्याचं. उपरोक्तांना स्वतःलाच कौतुक वाटलं, आणि पाठोपाठ त्यांनी तो कागद पालथा घालून ठेवला.

संध्याकाळी बायकोने मेथी निवडायला घेतली आणि त्यांनी मसुदा वाचून दाखवला. ती काडी मोडता मोडता थांबली.

"म्हणजे तो माणूस चोर?"

"तसं कुठे लिहिलंय?"

"मग काय लिहिलंय?"

मग त्यांनी तिला सगळं सांगितलं, म्हातारीपासून व्हॅनपर्यंत. आपण 'करा' म्हणालो हे तिला पहिल्यांदाच कळलं. आता ही आपल्याला सांगेल, खरं लिहा, मी आहे पाठीशी, अशी त्यांची अपेक्षा होती. पण ती संसार केलेली बाई होती. ती म्हणाली, "तुमचं नाव घालायचं नाही हं. हप्ते राहिलेत अजून." त्यांनी मसुद्याची घडी घातली. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "पण त्याच्यावरही घालू नका. तळतळाट लागेल त्याचा."

तिला जे हवं होतं तेच त्यांनाही हवं होतं, आणि तसं लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. कोणाचंच नाव नसलेल्या तीन टिपण्या लिहून झाल्या होत्या, तीनही परत आल्या होत्या. चौथीत कोणाचं तरी नाव जायलाच हवं होतं, आणि एकदा ते लिहिलं की तो माणूस बुडणार, मग तो बाकावरचा असो नाहीतर टेबलामागचा.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा कागद घेतला. विषय, मंजूर रक्कम, झालेला खर्च, कारण, दर, तरतूद, सगळं आधीचं ठेवलं, फक्त निम्म्या शब्दांत. आणि चौथ्या मुद्द्याखाली लिहिलं, 'वाढीव काम करण्यास मी सांगितले. मला तो अधिकार नव्हता. त्यापूर्वी मी प्रशासकांशी फोनवर बोललो होतो. ते म्हणाले, काम थांबता कामा नये, बाकीचं तुम्ही बघून घ्या. ठेकेदाराने विचारल्याशिवाय काहीही केलेले नाही. त्याचे पैसे द्यावेत, अशी माझी शिफारस आहे.' खाली सही. 

मग चमत्कार झाला. जी फाईल दोन टेबलं ओलांडायला महिने घेत होती ती जेवणाच्या सुट्टीआधी दोन्ही टेबलं ओलांडून गेली. फासात अडकवायला एक मान मिळाली आहे म्हटल्यावर सह्यांना जोर चढला. इंजिनिअर साहेबांनी काम पूर्ण झाल्याचा दाखलाही त्याच दमात देऊन टाकला. प्रशासक फोनचा मजकूर वाचून किंचित थबकले, पण आपलंच वाक्य त्यांनी पुन्हा वाचलं, त्यात त्यांना काहीच वावगं आढळलं नाही, उलट ते बरंच बाणेदार वाटलं, आणि त्यांनी सही केली. दोघांनीही सहीच्या वर लिहिलं होतं, 'सादर'.

चार वाजता वित्तप्रमुख बाईंनी उपरोक्तांना बोलावलं. खोलीत फारसं सामान नव्हतं, टेबलावर ती एकच फाईल. बसा म्हणाल्या. ते खुर्चीच्या काठावर बसले.

"सहा लाख तर मंजूरच होते. तेही का दिले नाहीत?"

"मॅडम, बिल एकच होतं. तेवढ्याचं वेगळं बिल मागवा असं कोणी सांगितलं नाही."

"तुम्हाला सुचलं नाही?"

"सुचलं होतं," उपरोक्त म्हणाले. "त्याला वेगळी टिपणी लागली असती."

बाईंनी फाईलमधलं एक पान उलटलं. मग विचारलं, दहा टक्क्यांच्या वर माझी मंजुरी आधी लागते, हे ठाऊक होतं का? उपरोक्त म्हणाले, त्या नियमाचा मसुदा मीच केला आहे. बाईंना हसू आलं असावं, पण त्यांनी ते दाबलं. मग का सांगितलंत, असं त्यांनी विचारलं तेव्हा उपरोक्तांनी म्हातारीबद्दल सांगितलं. चादर, चार पोरं, कण्हणं, सगळं. सांगून झाल्यावर त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

"हे टिपणीत का नाही?"

"असं टिपणीत लिहीत नाहीत, मॅडम."

बाईंनी पेन उघडलं. लिहिता लिहिता त्या बोलत होत्या. काम लागणारच होतं, झालंही आहे, दर बरोबर आहेत, तेव्हा त्या माणसाचे पैसे अडवायला माझ्याकडे काही कारण नाही. पूर्ण रक्कम द्या, वाढीव भाग रंगकामाच्या शिलकेतून. मग त्या थांबल्या आणि म्हणाल्या, "पण तुम्हाला मी सोडू शकत नाही. उद्या दुसरा कोणी उठेल, जिन्यावर कोणी म्हातारी नसताना 'करा' म्हणेल आणि तुमचं नाव पुढे करेल. तुमच्याकडून वसुली नाही करणार. लेखी ताकीद, आणि यंदाची पगारवाढ थांबेल. निवृत्तीच्या पैशांत तेवढा फरक पडेल."

उपरोक्त हो म्हणाले. बाईंचं चुकतंय असं त्यांना वाटलं नाही, आणि हेच जरा जड गेलं. कोणावर तरी रागवायला मिळालं असतं तर बरं वाटलं असतं. दारापाशी गेल्यावर बाईंनी विचारलं, प्रशासकांनी फोनवर खरंच एवढंच म्हटलं का? हो म्हटल्यावर त्यांनी ते वाक्य फाईलमध्ये पुन्हा वाचलं आणि त्याच्याखाली एक रेघ मारली. त्या रेघेचं पुढे काही झालं नाही. वर्षाच्या अहवालात 'रुग्णहितासाठी लिफ्टचे काम क्षणभरही न थांबवता' असा प्रशासकांचा गौरव छापून आला. सोबत प्रशासकांच्या सहीचं एक परिपत्रक निघालं, की कर्मचाऱ्यांनी ठेकेदारांना तोंडी आदेश देऊ नयेत. त्याचा मसुदा कोणी केला हे सांगायला नको.

घरी त्यांनी ताकीदपत्र बायकोपुढे ठेवलं. तिने ते वाचलं, चष्मा काढला, पुन्हा घातला. हप्त्यांबद्दल ती काहीच बोलली नाही. फार दिवसांनी तिने त्यांना जेवायला वाढताना दोनदा म्हटलं, अजून घ्या ना. त्यांनीही घेतलं. पोट बरं होतं.

पुढच्या सोमवारी मिस्त्री आला तेव्हा चेक तयार होता. हिशेब खात्यातून तो पोचपावतीवर सही करून सरळ उपरोक्तांच्या टेबलाशी आला. चेकची घडी खिशात होती आणि एक हात खिशावर होता. तो आनंदी दिसेल असं उपरोक्तांना वाटलं होतं. तो थकलेला दिसत होता. व्हॅन काही परत यायची नव्हती आणि गेलेला कारागीरही. पुढच्या कामाचं बोलणं निघालं तेव्हा तो म्हणाला, यापुढे लेखी कागद आधी, मग पाना.

उपरोक्तांनी एक गोष्ट मिस्त्रीला अजून सांगितली नव्हती. ताकीदपत्राचं साहेब लोकांना ठाऊक होतं, पण या माणसाला कळावं असं त्यांना फार वाटत होतं. शाबासकी नको होती, नुसतं कळावं. त्यांनी इकडेतिकडे बघितलं, आवाज खाली आणला आणि म्हणाले, "मिस्त्री, तुमचं काम कशाने झालं सांगू? मी स्वतः लिहून दिलं, की तुम्हाला मी सांगितलं होतं म्हणून."

मिस्त्री त्यांच्याकडे बघत राहिला. काहीतरी राहून गेलंय, पुढचं वाक्य यायचंय, अशा नजरेने.

"पण तुम्हीच सांगितलं होतं की," तो म्हणाला.

"हो."

"मग एवढं लिहायला पाच महिने लागले?"

उपरोक्तांनी सवयीने टिपणीचा कोरा कागद पुढे ओढला. त्यांच्याजवळ कारणं होती, मुद्देसूद होती, क्रमवार होती, एरवी त्यांनी पान भरून दिली असती. मिस्त्रीने त्या कोऱ्या कागदाकडे बघितलं, मान हलवली आणि जिन्याने खाली उतरून गेला.